धंद्याच्या रीलला ट्रेंडिंग गाणं घ्यावं की परवान्याचं संगीत?

व्यवसायाचं अकाउंट चालवणाऱ्यापुढे संगीताच्या बाबतीत तीन वाटा असतात. सध्या जोरात असलेलं गाणं अ‍ॅपमधूनच उचलायचं, अ‍ॅपने व्यवसायांसाठी ठेवलेल्या मोफत संग्रहातलं काहीतरी घ्यायचं, किंवा पैसे भरून बाहेरच्या लायब्ररीचं सबस्क्रिप्शन घ्यायचं. मी या तिन्ही वाटांनी गेलो आहे, स्वतःच्या कामासाठी आणि ओळखीतल्या काही छोट्या व्यवसायांसाठीही. अवतरणं, गाण्यांच्या ओळी आणि फोटो यांचा प्रश्नही याच जातीचा आहे, त्यांच्याकडे शेवटी येतो. पण सगळ्यात जास्त गोंधळ संगीताचा असतो, म्हणून तेच आधी.

ट्रेंडिंग गाण्याची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. ओळखीचं गाणं सुरू झालं की बोट थांबतं. माझ्या अनुभवात अशा रील पहिल्या दोन-चार दिवसांत इतरांपेक्षा पुढे जातात. मोजमापाचा तक्ता माझ्याकडे नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो. नवं अकाउंट असेल आणि लोकांना नावही माहीत नसेल, तर हा मोह पडणं साहजिक आहे.

अडचण अशी, की एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा एक, आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा दुसरा. मोठी अ‍ॅप्स या हक्कदारांशी करार करतात, पण ते करार मुख्यतः सामान्य वापरकर्त्याच्या खाजगी, हौसेच्या पोस्टसाठी असतात. व्यवसायाचं अकाउंट केलं की गाण्यांची यादी एकदम रोडावते ती यामुळेच. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘क्रिएटर अकाउंट कर, सगळी गाणी परत दिसतील.’ गाणी दिसतात हे खरं, पण परवानगी त्याबरोबर येत नाही. मेटाच्या संगीतविषयक नियमांत स्पष्ट लिहिलं आहे, की योग्य परवाना नसेल तर व्यावसायिक कारणासाठी संगीत वापरता येत नाही. तिथे पाहिलं जातं ते पोस्ट कशासाठी आहे हे. अकाउंटचा प्रकार बदलून तो हेतू बदलत नाही.

हे कागदावरचं भय आहे असंही नाही. बँग एनर्जी या पेयाच्या कंपनीवर २०२१ मध्ये युनिव्हर्सल आणि सोनी या दोन्ही संगीत कंपन्यांनी टिकटॉकवरच्या प्रचाराच्या व्हिडिओंवरून अमेरिकेत खटले भरले. २०२२ मध्ये तिथल्या कोर्टाने कंपनीच्या स्वतःच्या व्हिडिओंसाठी तिला जबाबदार धरलं. लहान व्यवसायावर कुणी लगेच खटला भरेल असं मी म्हणणार नाही, बहुतेक वेळा तशी वेळ येत नाही. लहानांच्या वाट्याला येतं ते वेगळंच, आणि माझा निर्णय त्यानेच झाला.

ओळखीतल्या एक ताई हाताने शिवलेल्या वह्या बनवतात. त्यांची एक रील होती. दोरा कसा ओवायचा, पानांचे जुडगे कसे रचायचे, हे त्या स्वतःच्या आवाजात सांगतात आणि मागे त्या वेळचं गाजलेलं गाणं हळू आवाजात चालू आहे. रील छान चालली, म्हणून त्यांनी ती प्रोफाइलच्या वरच पिन करून ठेवली. काही महिन्यांनी एका ग्राहकाचा मेसेज आला, ‘ताई, आवाजच येत नाहीये, माझ्या फोनचा प्रॉब्लेम आहे का?’ फोन ठीक होता. त्या अ‍ॅपवर गाणं उपलब्ध राहिलं नव्हतं आणि रील म्यूट झाली होती. व्हिडिओ बाहेरच्या एडिटरमध्ये जोडलेला, म्हणजे बोलणं आणि गाणं एकाच ट्रॅकमध्ये मिसळलेलं. त्यामुळे गाण्याबरोबर ताईंचा आवाजही गेला. दोन हात मुकाट्याने सुई चालवताहेत आणि काय चाललंय ते सांगणारं कुणी नाही, असा तो व्हिडिओ झाला. त्यातून ऑर्डरी येत होत्या, त्याही थांबल्या.

यात कुणी मुद्दाम वाईट केलं असं नाही. करार संपतात. २०२४ च्या सुरुवातीला युनिव्हर्सल आणि टिकटॉक यांचा करार संपला, तेव्हा त्या कंपनीची गाणी असलेले असंख्य व्हिडिओ मुके झाले. पुढे मे महिन्यात नवा करार झाला. म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या वाटाघाटींवर तुमच्या जुन्या पोस्टचा आवाज अवलंबून राहतो. ज्याला रोज नवं टाकायचं आणि जुनं विसरायचं आहे, त्याला हे चालून जाईल. ज्याच्या पोस्ट वर्षभर ग्राहक आणतात, त्याला मात्र फार जाचतं. मला जाचलं.

सबस्क्रिप्शनच्या लायब्ररीतही त्रास आहेच, तो लपवत नाही. तिथलं संगीत कुणी गुणगुणत नसतं. मनासारखा ट्रॅक शोधण्यात सुरुवातीला बराच वेळ जातो आणि दरमहा खर्च होतो तो वेगळा. शिवाय यूट्यूबची कंटेंट आयडी ही ओळखयंत्रणा परवान्याच्या ट्रॅकवरही कधीकधी क्लेम लावते, कारण लायब्ररीने तो ट्रॅक तिथे नोंदवलेला असतो. अशा वेळी बहुतेक लायब्रऱ्यांत चॅनल किंवा अकाउंट आधीच जोडून ठेवायची सोय असते. ते जोडलेलं असलं की क्लेम लागत नाही, किंवा लागला तरी सुटतो.

वह्यांची तीच रील आम्ही पुन्हा केली तेव्हा क्रम असा ठेवला. सबस्क्रिप्शन ताईंच्या नावावर घेतलं, माझ्या नव्हे. कारण उद्या मी त्यांचं काम सोडलं तर परवाना माझ्याबरोबर जाऊ नये. योजना निवडताना तीन गोष्टी वाचल्या: व्यवसायाचा वापर बसतो का, पैसे देऊन केलेली जाहिरात बसते का, आणि किती अकाउंट जोडता येतात. सगळ्यात स्वस्त योजना बऱ्याचदा एका व्यक्तीच्या चॅनलपुरतीच असते आणि जाहिरात तीत नसते. ट्रॅक एडिटिंगच्या आधी निवडला आणि टाके घालतानाची दृश्यं त्याच्या ठेक्यावर कापली. बोलणं आणि संगीत वेगळ्या ट्रॅकवर असलेली मूळ फाइल जपून ठेवली. ट्रॅकचं नाव, डाउनलोडची तारीख, परवान्याची पीडीएफ आणि पोस्टची लिंक एका फोल्डरमध्ये टाकली.

पहिल्या आठवड्यात ही रील आधीच्या रीलइतकी पळाली नाही. पण ती बूस्ट करता आली. आधीची करता येत नव्हती, कारण हक्क राखलेलं संगीत असलेली पोस्ट जाहिरातीसाठी स्वीकारली जात नव्हती. तीच फाइल तीन अ‍ॅप्सवर आणि ताईंच्या वेबसाइटवरही लावली. अजून आवाज शाबूत आहे. आणखी एक तपासून घ्या: सबस्क्रिप्शन बंद केल्यावर काय होतं? अनेक लायब्रऱ्यांत चालू काळात प्रसिद्ध केलेलं काम पुढेही मोकळं राहतं, फक्त नवं काही त्या संगीतावर टाकता येत नाही. नियमांत हे वाक्य शोधूनही सापडलं नाही, तर मी ती लायब्ररी घेणार नाही.

अ‍ॅपचा मोफत संग्रह हा मधला मार्ग. मेटाचा साउंड कलेक्शन असो की टिकटॉकची व्यावसायिक लायब्ररी, त्या त्या ठिकाणी व्यवसायाला निर्धास्त वापरता येते. मात्र मोकळीक त्याच कुंपणाच्या आत असते, एकीकडचं संगीत दुसरीकडे नेता येत नाही. एकाच अ‍ॅपवर असाल आणि तिथेच राहणार असाल, तर पैसे खर्च करायची गरज नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

या सगळ्यात एक चोरवाट फार फसवी आहे. व्यवसायाच्या अकाउंटला लोकांनी चढवलेले ‘मूळ ऑडिओ’ दिसतात. त्यांतले काही म्हणजे कुणीतरी वेग वाढवून टाकलेलं गाजलेलं गाणंच असतं. नाव त्या वापरकर्त्याचं, पण हक्क त्याचे नव्हेत. तो ऑडिओ काढला गेला की त्यावर बनलेल्या सगळ्यांचे आवाज एकदम जातात. ऐकून गाणं ओळखीचं वाटलं की मी तो सोडून देतो. तसंच ‘पंधरा सेकंदांपर्यंत चालतं’ असा कुठलाही सर्वमान्य नियम नाही, आणि आवाज अगदी बारीक ठेवला तरी तो वापरच ठरतो.

गाण्याच्या ओळी कॅप्शनमध्ये लिहिणं हा पहिल्या हक्काचा, म्हणजे शब्दांचा भाग. गाणं मुळात लहान असतं, त्यामुळे दोन ओळी हाही त्याचा मोठा हिस्सा होतो, आणि बहुतेकदा त्याच सर्वांत ओळखीच्या ओळी असतात. गीतकाराचं नाव दिल्याने परवानगी मिळत नाही. अवतरणांचं थोडं सैल आहे. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात प्रसिद्ध झालेल्या कृतीतून रास्त मर्यादेत उद्धृत करायला वाव आहे, मूळ स्रोत आणि नाव दिलं तर. पण तुम्ही त्या वाक्याबद्दल काही म्हणत असाल तर हे पटण्याजोगं ठरतं, मालाच्या फोटोवर शोभेसाठी चिकटवलेल्या वाक्याला नाही. त्यातून हयात प्रसिद्ध व्यक्तीचं वाक्य तिच्या नावासकट जाहिरातीत घातलं, तर तिने मालाची शिफारस केल्यासारखं दिसतं आणि कॉपीराइटपलीकडचा वाद उभा राहतो. शेकडो वर्षं जुन्या लेखकाचे शब्द मोकळे असतात, पण त्याचा अलीकडचा अनुवाद अनुवादकाचा असतो. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे की ग्राहकांनी पाठवलेली वाक्यंच त्यांना विचारून वापरायची. विकायलाही तीच जास्त उपयोगी पडतात.

फोटोंतही माझा कल पैसे देण्याकडे आहे, पण संगीताइतका ठाम नाही. मोफत फोटोंच्या साइट्सचे परवाने व्यवसायाला बहुधा चालतात. फक्त फोटोत दिसणाऱ्या माणसाची संमती घेतली आहे का, किंवा मागे दिसणारं चित्र, बोधचिन्ह कुणाचं आहे, याची हमी तिथे मिळत नाही. म्हणून मोफत साइटवरून मी पोत, आकाश, रिकामं टेबल असलं काही घेतो. ओळखू येणारा चेहरा हवा असेल तर संमतीची नोंद असलेला विकतचा फोटो घेतो, आणि त्यावर ‘केवळ संपादकीय वापरासाठी’ असं लिहिलेलं नाही ना ते पाहतो. तसं लिहिलेला फोटो पैसे भरूनही जाहिरातीत चालत नाही. बाकी ताईंच्या वह्यांचे फोटो आम्ही खिडकीशी, त्यांच्याच फोनवर काढतो.