टॅबवर दिसलेला अ‍ॅश ब्राउन आणि डोक्यावर आलेला नारिंगी

केस रंगवायला गेल्यावर कोणी टॅब किंवा मोबाइल पुढे करून ‘बघा मॅडम, तुम्ही अशा दिसाल’ म्हणालं, तर पैसे देण्याआधी हे वाचा. केसांचा रंग स्क्रीनवर बदलून दाखवणाऱ्या अशाच एका अ‍ॅपचा आधार घेऊन माझी फसवणूक झाली. ती कशी झाली हे मला नंतर एका जाणकार बाईंकडून नीट कळलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

भाचीच्या साखरपुड्याआधी केसांचा रंग बदलायचा होता. माझे केस मुळात काळेभोर. कानशिलांपाशी पांढरे झालेत, त्यामुळे बरीच वर्षं मेंदी लावते, तीही लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवलेली. आमच्या डोंबिवलीतल्या एका नव्या, चकचकीत पार्लरमध्ये गेले. तिथल्या मुलीने मला गोल दिव्यासमोर बसवलं, टॅब समोर धरला आणि स्क्रीनवर एकेक शेड दाबून दाखवायला लागली. अ‍ॅश ब्राउन दाबल्यावर माझेच केस मऊ, राखाडी झाक असलेल्या तपकिरी रंगाचे दिसले, मुळापासून टोकापर्यंत एकसारखे. मान हलवली तरी रंग केसांबरोबर हलत होता. मेंदी लावते, हे मी स्वतःहून सांगितलं. ‘काही फरक पडत नाही मॅडम, अ‍ॅपने तुमचेच केस स्कॅन केलेत,’ असं उत्तर मिळालं. दर ठरला ३,८०० रुपये, सगळं धरून.

धुवून, वाळवून आरशात पाहिलं तर एका डोक्यावर तीन रंग होते. मुळापासून दोन बोटांपर्यंत तांबूस नारिंगी. तिथून खाली, जिथे वर्षानुवर्षांची मेंदी बसलीय, तिथे जवळजवळ काहीच झालं नव्हतं, फक्त उन्हात लालसर काळं दिसत होतं. आणि कानशिलांवरचे पांढरे केस मातकट, फिके. टॅबवर दाखवलेला राखाडी तपकिरी कुठेच नव्हता.

मग खरा सौदा पुढे आला. ‘तुमच्या केसांचाच प्रॉब्लेम आहे, आता प्री-लाइटनिंग करावं लागेल, मग टोनर,’ असं म्हणत त्यांनी एकूण ९,२०० चा आकडा सांगितला. प्री-लाइटनिंग म्हणजे ब्लीच. हा शब्द आधी कोणी काढलाच नव्हता. मी ठरलेले ३,८०० दिले आणि उठले. मी वाद घातला तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या ताईही दचकून आपलं बिल विचारायला लागल्या, म्हणजे मी एकटी नव्हते.

नंतर माझ्या वहिनीच्या ओळखीने ठाण्यात वर्षानुवर्षं फक्त रंगाचंच काम करणाऱ्या एका बाईंकडे गेले. त्यांनी केसांच्या खऱ्या झुबक्यांचं शेड कार्ड माझ्या मुळांशी धरलं आणि सगळं उलगडून सांगितलं.

केसांच्या गडदपणाला १ ते १० असे आकडे असतात. १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिका सोनेरी. आपल्याकडे बहुतेकांचे केस १ ते ३ मध्ये बसतात, माझे २. ट्यूबवर ६.१ असं लिहिलेलं असतं, त्यात टिंबाआधीचा ६ हा उजळपणा आणि नंतरचा १ ही राखाडी झाक. माझ्या डोक्याला हीच ६.१ लावली होती, म्हणजे २ वरून ६ ला जायचं होतं. ट्यूबमधल्या रंगात जो डेव्हलपर, म्हणजे पेरॉक्साइडचं द्रावण, मिसळतात, त्याची तीव्रता २० व्हॉल्यूम असेल तर तो साधारण एक-दोन पायऱ्या उजळतो, ३० असेल तर दोन-तीन. म्हणजे कितीही नीट केलं तरी मेंदी न लागलेली माझी मुळं ४-५ च्या आसपासच थांबणार होती. आणि काळा केस उजळताना थेट राखाडी होत नाही. आधी लालसर होतो, मग नारिंगी, मग पिवळा, कारण केसातला गडद रंग आधी निघतो आणि तांबूस रंग मागे उरतो. ट्यूबमधली राखाडी झाक हा तांबूसपणा मारण्यासाठीच असते, पण ती एवढ्या नारिंगीला पुरत नाही. मुळांजवळ टाळूची ऊब असते, त्यामुळे तिथे रंग लवकर काम करतो आणि तिथलाच नारिंगी जास्त उठून दिसतो. माझ्या मुळांचं कोडं इथे सुटलं.

उरलेल्या लांबीवर मेंदी होती. मेंदीतला रंग केसाच्या आत प्रथिनांना धरून बसतो आणि आधी लावलेला रंग नव्या रंगाने उजळत नाही. बाईंनी मानेमागच्या, आतल्या थरातल्या चार-पाच बटा कापल्या, त्यावर फॉइलमध्ये ब्लीच लावलं आणि मला दाखवल्या. विटेच्या रंगापर्यंत येऊन त्या थांबल्या, पुढे सरकेचनात, आणि हातात घेतल्यावर चिकट व ताणल्या जाणाऱ्या लागल्या. त्या पार्लरमध्ये जास्तीचे पैसे भरून मी संपूर्ण डोक्यावर ब्लीच करून घेतलं असतं, तर केसांची हीच गत झाली असती. बाजारच्या काळ्या मेंदीत कधीकधी धातूची संयुगं असतात, त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं की केस गरम होऊन तुटूही शकतात, म्हणून बटेवरची चाचणी सोडू नये, असं त्या म्हणाल्या.

आता अ‍ॅपकडे येते, कारण फसवणुकीची किल्ली तिथे आहे. अ‍ॅप कॅमेऱ्याच्या चित्रात केसांची जागा ओळखतं, तेवढ्या भागाचा रंग बदलतं, वर केसांची चमक आणि सावल्या जशाच्या तशा ठेवतं. म्हणूनच ते इतकं खरं वाटतं. पण चित्रात केसाचा रंगच असतो, केसाचा इतिहास नसतो. मेंदी, आधीचा रंग, पांढऱ्या केसांचं प्रमाण, कोरडेपणा यातलं काहीही त्याला ठाऊक नसतं. ते पोहोचण्याचं ठिकाण दाखवतं, वाट नाही. मध्ये ब्लीच लागेल की नाही, याचं उत्तर त्या चित्रात नसतंच. आणि ‘अ‍ॅपने स्कॅन केलंय’ असं सांगणारा माणूस हेच उत्तर झाकत असतो.

हे घरी पडताळून बघता येतं. मी तसंच एक अ‍ॅप मोबाइलवर घेतलं आणि एकच तपकिरी शेड माझ्यावर आणि माझ्या आईवर लावून पाहिली. आईचे केस पूर्ण पांढरे आहेत. स्क्रीनवर दोघींचा रंग जवळजवळ एकच आला. प्रत्यक्षात एकच ट्यूब काळ्या आणि पांढऱ्या केसांवर एकसारखी येणं शक्यच नाही. तुमच्या घरात पांढरे केस असलेलं कोणी असेल, तर हा प्रयोग करा. दोन्हीकडे एकच रंग आला की समजा, अ‍ॅप तुमच्या केसांचा विचारच करत नाहीये. मग डोक्यावर काळी ओढणी घेऊन कॅमेऱ्यासमोर या. माझ्या अ‍ॅपने ओढणीच्या कडेलाही तपकिरी रंग चढवला.

प्रकाशाचा भागही कमी नाही. त्या गोल दिव्यासमोर काळे केसही उजळ दिसतात. शिवाय टॅबवर चेहरा उजळवणारा फिल्टर चालू होता, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं, कारण माझ्या गालावरचा तीळ त्यात दिसतच नव्हता हे तेव्हा आठवलं. उजळलेल्या चेहऱ्याशेजारी राखाडी झाक खुलते. म्हणून कोणी फिल्टर दाखवला तर आधी साधा कॅमेरा उघडून खिडकीशेजारी, दिवसाच्या उजेडात उभं राहा आणि त्यात दिसणारे तीळ, डाग, डोळ्यांखालची वर्तुळं अ‍ॅपच्या स्क्रीनवरही दिसतात का पाहा. ती दिसत नसतील तर रंगही खरा नाही.

अ‍ॅप अगदीच निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. तुमच्या केसांपेक्षा गडद शेड बघायची असेल तर बराचसा अंदाज येतो, कारण त्यात काही उजळवायचं नसतं. तपकिरी केसांना काळा करायचा असेल तर भरवसा ठेवायला हरकत नाही. काळ्यावर बरगंडी मात्र अ‍ॅपमध्ये घरातही लखलखते, प्रत्यक्षात ब्लीचशिवाय ती फक्त उन्हात चमकते, आणि लाल झाक धुण्यात सगळ्यात लवकर उतरते. घरी लावायच्या रंगाच्या खोक्यामागे जो तक्ता असतो, ‘तुमचे केस असे असतील तर रंग असा येईल’, तो या बाबतीत अ‍ॅपपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. फिक्या शेडच्या खोक्यावर माझ्यासारख्या काळ्या केसांचा रकाना कधीकधी नसतोच, आणि रकाना नसणं हेच उत्तर असतं.

रंगवायला बसण्याआधी मी आता चार गोष्टी विचारते आणि तुम्हीही विचारा: माझे केस कितव्या पायरीवर आहेत, ही शेड कितवी आहे, मध्ये ब्लीच लागणार का, आणि सगळं धरून माझ्या लांबीच्या केसांचे किती होतील. शेवटचं उत्तर कागदावर लिहून घ्या. मग मानेमागच्या बटेवर चाचणी करायला सांगा. रंगाच्या अ‍ॅलर्जीसाठी कोपराच्या आत किंवा कानामागे थोडा रंग लावून ४८ तास थांबायचं असतं, तेही करा. जो पार्लरवाला चाचणीला नाही म्हणेल, तिथून उठा.

माझ्या केसांचं शेवटी असं झालं की ठाण्याच्या बाईंनी मुळं ४ च्या साध्या तपकिरीने गडद केली, बाकीच्या लांबीला हात लावला नाही. साखरपुड्यात एकसारखे दिसले, पण अ‍ॅश ब्राउन नव्हे.

पार्लरकडे मी लेखी तक्रार दिली. बिलावर फक्त ‘ग्लोबल कलर’ एवढंच होतं, ट्यूबचा नंबर नाही, डेव्हलपर नाही. टॅबवरचं चित्र मागितलं तर ‘ते सेव्ह होत नाही’ म्हणाले. म्हणून तुम्ही मात्र स्क्रीनचा फोटो तिथेच स्वतःच्या मोबाइलने काढा, ट्यूबचा नंबर बिलावर लिहायला लावा आणि काम झाल्याबरोबर दाराबाहेर उजेडात केसांचे फोटो घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मी तिथे तक्रार नोंदवल्यावर पार्लरने निम्मे पैसे परत केले, उरलेल्यांसाठी अजून भांडतेय.