बेसिनखालचा अँगल कॉक: वॉशर बदलावा की नवा बसवावा?

बेसिनच्या नळाकडे जाणारे पाणी बंद-चालू करणारा भिंतीतला अँगल कॉक कितीही आवळला तरी वरच्या नळातून पाण्याची बारीक धार सुरूच राहते, तेव्हा दोन मार्ग असतात. जुना कॉक भिंतीत तसाच ठेवून त्याचा स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा दांडा, मोकळा करणे आणि त्याच्या टोकाचा वॉशर बदलणे हा एक, तर संपूर्ण कॉक काढून पाव फेऱ्यात बंद होणारा नवा बसवणे हा दुसरा. आमच्या परभणीच्या घरात हे दोन्ही करून झाले आहे, त्यामुळे माझे मत पूर्णपणे तटस्थ आहे असे म्हणता येणार नाही.

आधी दोष कोठे आहे ते पाहावे. मूठ मध्येच अडकत असेल आणि पुढे सरकण्यास नकार देत असेल, तर स्पिंडलच्या आट्यांवर क्षार बसले आहेत असे समजावे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यावर वर्षानुवर्षे न फिरवलेल्या कॉकची हीच गत होते. मूठ शेवटपर्यंत सहज जात असूनही धार थांबत नसेल, तर बहुधा वॉशर गेलेला असतो. मूठ नुसतीच गोल फिरत राहिली, तर मुठीचे किंवा स्पिंडलचे आटे झिजलेले असण्याची शक्यता अधिक.

नव्या कॉकची बाजू दुबळी नाही. त्यात रबरी वॉशरऐवजी सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात, हाताला जोर लागत नाही आणि बंद झाला की नाही हे मुठीच्या दिशेवरूनच कळते. टँकरच्या पाण्याबरोबर येणारी बारीक वाळू त्या चकत्यांवर ओरखडे पाडू शकते, परंतु एवढ्यावरून मी त्याला बाद ठरवणार नाही.

माझा निर्णय ठरला तो भिंतीमुळे. नवा कॉक बसवायचा म्हणजे जुना भिंतीतून फिरवून काढावा लागतो, आणि तो पाइपाच्या ज्या वळणाच्या जोडात, म्हणजे एल्बोत, बसलेला असतो तो टाइलच्या मागे प्लास्टरमध्ये गाडलेला असतो. क्षारांनी जखडलेला जुना कॉक सुटण्याऐवजी कधीकधी आतला एल्बोच फिरतो किंवा कॉकची शेपटी तुटून आतच राहते. आमच्याकडे एका बेसिनखाली एल्बोच फिरला. टाइल फोडावी लागली, त्या रंगाची टाइल बाजारात मिळाली नाही, आणि जोड पक्का होईपर्यंत टाकीची ती लाइन बंद ठेवावी लागली. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हा त्रास किती मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या बेसिनखालच्या कॉकचा म्हणूनच वॉशर बदलला. टाकीचा व्हॉल्व बंद करून बेसिनचा नळ उघडा ठेवावा, म्हणजे पाइपातले पाणी निघून जाते. अँगल कॉक जमेल तितका उघडावा, कारण वॉशर बैठकीवर, म्हणजे तो ज्या कडेवर टेकून पाणी अडवतो तिच्यावर, दाबलेला असताना वरचा भाग सोडवताना अकारण ताण येतो. मग मूठ काढून एका पान्ह्याने कॉकचे अंग घट्ट धरावे आणि दुसऱ्याने स्पिंडल असलेला वरचा भाग सोडवावा. पहिल्या पान्ह्याचा आळस केला, तर जोर थेट भिंतीतल्या एल्बोवर जातो आणि ज्यासाठी हा मार्ग निवडला तेच हातून निसटते.

बाहेर काढलेल्या भागावर स्पिंडलभोवती गळती अडवणारी ग्लँडची चकती असते; ती सैल करून स्पिंडल बंद करण्याच्या दिशेने फिरवला, की तो सहसा खालून बाहेर येतो. अडला तर जोर न लावता तो भाग लिंबूसताच्या पाण्यात तासभर ठेवावा, थोडा मागेपुढे फिरवून पाहावा आणि मग आटे जुन्या दातब्रशने घासून धुवावेत. संडास साफ करण्याचे ॲसिड मात्र पितळेला लावू नये. जुन्या वॉशरवर बहुधा गोल खाच पडलेली दिसते. तोच नमुना दुकानात नेऊन नेमक्या मापाचा नवा घ्यावा. आट्यांना थोडे सिलिकॉन ग्रीस लावावे. वाहनाच्या ग्रीसने रबर फुगू शकते.

जोडण्यापूर्वी कॉकच्या आत बोट घालून बैठकीची कड फिरवून पाहावी. ती गुळगुळीत लागली तर काम टिकेल. बोटाला खाच जाणवली, तर नवा वॉशरही तेथेच कापला जाईल आणि धार काही महिन्यांत परत येईल. अशा वेळी, किंवा आटेच झिजलेले असतील तर, नवा कॉक घेणेच योग्य. तोही टाकीत पाणी कमी असताना आणि जादा टाइल घरात असल्याची खात्री करून बसवून घ्यावा.

वरचा भाग बसवताना स्पिंडल उघड्या स्थितीत ठेवावा, मग कॉक हलक्या हाताने बंद करून टाकीचा व्हॉल्व सोडावा. कनेक्शन पाइपचे बेसिनकडील टोक सोडवून मगात धरले, की थेंब पडतो की नाही हे लगेच दिसते.