चार महिने पेपर बंद ठेवायला सांगितला, त्याचा अनुभव (सातारा)

एजन्सीचं नाव लिहीत नाही. शाहूपुरीत आमच्याकडे नऊ वर्षं तीच एजन्सी पेपर टाकते आणि उद्याही तीच टाकणार आहे. पावसाळ्यातसुद्धा पेपर सव्वासहाच्या आत दारात असतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पेपर बंद करायला सांगण्याबद्दल.

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं 9 जून 2025 ला रात्रीच्या गाडीने बंगळूरला निघालो. त्या दिवशी सकाळी पेपर टाकणाऱ्या पोराला सांगितलं, "उद्यापासून नको, ऑक्टोबरात येऊ." तो "हो काका" म्हणाला आणि सायकल काढून गेला. मला वाटलं, झालं काम.

शनिवारी शेजारच्या काकूंचा फोन आला की दारात पाच पेपर पडलेत. आमच्या गॅलरीवर पत्रा नाही, त्यामुळे त्यातले तीन भिजून लगदा झालेले. रद्दीतही न जाणारे! शिवाय दारात पेपर साचले की घरात कोणी नाही हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं, ही धास्ती वेगळी. एजन्सीला फोन केला तेव्हा मालक म्हणाले, पोरगं मंगळवारपासून सुट्टीवर आहे आणि बदली पोराला कोणी सांगितलंच नाही. रविवारपासून पेपर थांबला. तेव्हा मी एजन्सीला पाचपैकी चार दिले असते.

1 जुलैला पेपर पुन्हा सुरू झाला.

चार दिवसांनी काकूंनीच कळवलं. आता मात्र मी मालकांना फोनवरच धरलं. त्यांनी शांतपणे सांगितलं ते मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं. बंदची नोंद झाली होती ती लाइनच्या कागदावर, म्हणजे पोराजवळ गल्लीवार घरांची यादी असते तिच्यावर. तो कागद महिनाभर वापरून चुरगळतो, म्हणून एक तारखेला नवा लिहितात, आणि तो लिहितात बिलाच्या वहीवरून. वहीत आमचं नाव चालूच होतं. म्हणजे कागदावरचा 'बंद' फक्त त्या महिन्यापुरता टिकतो. आठ दिवस गावाला जाणाऱ्याला हे कधी कळणारच नाही, महिना ओलांडणाऱ्याला मात्र हमखास फटका बसतो. हा सगळा मजकूर मी त्या एका वाक्यासाठी लिहितोय: पेपर बिलाच्या वहीतून बंद करून घ्या, पोराकडून नाही.

मग मी व्हॉट्सॲपवर असं पाठवलं: "शाहूपुरी, (गल्ली व घराची खूण). मराठी पेपर एक प्रत. आजपासून बंद. 13 ऑक्टोबर, सोमवारपासून चालू. कृपया बिलाच्या वहीत नोंद करून फोटो पाठवावा." त्यांनी खरंच फोटो पाठवला. नावापुढे लाल पेनाने 'बंद' आणि खाली चालू करायची तारीख. तरीही 1 ऑगस्टला सकाळी काकूंना दार बघायला लावलं. पेपर नव्हता. सप्टेंबरलाही नव्हता.

आता बिल. जूनचे पहिले नऊ दिवस आम्ही वाचलेले: सात दिवस पाच रुपयांनी पस्तीस, दोन रविवार सहाने बारा. वर भिजलेले पाच अंक, पंचवीस. पोचवण्याचे वीस. एकूण 92. जुलैत चार अंकांचे वीस आणि पोचवण्याचे, परत पूर्ण वीस! वीस रुपयांचा पेपर पोचवायला वीस रुपये. ही म्हणाली, चाळीस रुपयांसाठी बंगळूरहून किती फोन केलेत ते मोजा. मोजले नाहीत.

मालकांचं म्हणणं असं की उद्याच्या प्रती किती हे त्यांना आदल्या दिवशी कळवावं लागतं, आणि उचललेली प्रत खपली नाही तर भुर्दंड त्यांनाच. ऐकल्यावर मला जूनचं पटलं. मीच निघायच्या दिवशी सांगितलं, तेही पोराला. दोन दिवस आधी दुकानात जायला हवं होतं. जुलैची चूक त्यांची होती. 92 दिले, 40 त्यांनी सोडले.

(आमचा महिन्याचा हिशोब होता म्हणून एवढ्यावर निभावलं. ज्यांनी वर्षाचे पैसे एकदम भरलेत त्यांनी मुदत तेवढी पुढे सरकेल का, हे निघण्यापूर्वीच लेखी विचारावं.)

12 ऑक्टोबरला रात्री उशिरा घरी पोचलो. आल्याचं कोणालाच कळवलं नव्हतं. सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कडीत रबर लावलेली गुंडाळी! चहा टाकायच्या आधी पेपर हातात. मघाशी कापलेले गुण परत देऊन टाकले.

मग ऑक्टोबरचं बिल आलं. पेपर एकोणीस दिवसांचा, त्यातही दिवाळीच्या सुट्टीत अंक नव्हते ते बरोबर वजा केलेले. पोचवण्याचे मात्र पूर्ण वीस. उद्या दुकानात जाणार आहे.