रेड मड की स्टील स्लॅग: भरावाला आणि रस्त्याला काय घ्यावं?

मुरूम महागला आणि खाणीची परवानगी रखडली, की ठेकेदारापुढे कारखान्यांच्या मालाचे पर्याय येतात. उत्तर कोकणात डोलवीच्या पोलाद कारखान्याचा स्टील स्लॅग, तर कोल्हापूरच्या बाजूला बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्याची रेड मड. दोन्ही माल स्वस्त, कधी नुसत्या वाहतुकीच्या खर्चात मिळणारे. पण दोघांना एकाच तागडीत तोलू नका. माझं मत असं: रस्त्याला स्लॅग घ्या, तोही मुरवलेला. रेड मड सिमेंटच्या भट्टीत जाऊ द्या.

आधी रेड मड. बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात शिजवून अॅल्युमिना काढल्यावर उरतो तो हा लाल गाळ. एक टन अॅल्युमिनामागे साधारण सव्वा टन. धुतला तरी थोडा सोडा त्यात राहतोच आणि त्याचा पीएच 10 च्या वरच असतो. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये हंगेरीत आयका इथे या गाळाचा बांध फुटला, दहा माणसं गेली आणि कित्येकांची कातडी भाजली, ती या सोड्यानेच. फिल्टर प्रेसमधून निघालेली वडी कोरडी दिसते, पण तिच्यात पाव हिश्शाहून जास्त पाणी असतं. पावसात ती पुन्हा चिखल होते आणि निचऱ्याचं पाणी विहिरीकडे जातं. म्हणून उघड्या भरावाला नको.

सिमेंटला मात्र तिच्यातलं लोह आणि अॅल्युमिना दोन्ही हवंच असतं. अडतं ते सोड्यापाशी. भट्टीतून निघणारे, दळल्यावर सिमेंट होणारे गोळे म्हणजे क्लिंकर; एक टन क्लिंकरला सुमारे दीड टन कच्चा माल लागतो. त्यात 2 टक्के रेड मड घातली, म्हणजे 30 किलो. तिच्यात 5 टक्के सोडियम ऑक्साइड धरलं तर क्लिंकरमध्ये दीड किलो, म्हणजे 0.15 टक्के अल्कली वाढली. खडी अल्कलीशी प्रतिक्रिया करणारी असेल तर सिमेंटला 0.6 टक्क्यांची मर्यादा पाळावी लागते आणि त्यातला बराच वाटा चुनखडी, माती नि कोळशाने आधीच खाल्लेला असतो. 4 टक्के घालायला गेलं की गणित फिसकटतं. शिवाय चिकट वडी हॉपरला धरून बसते. याच हिशोबाने दहा लाख टन अॅल्युमिनाच्या कारखान्याची सगळी रेड मड खपवायला वर्षाला चार कोटी टन क्लिंकर लागेल. म्हणजे वाट बरोबर आहे, पण अरुंद.

आता स्लॅग. पोलादाच्या भट्टीत चुना घालून मळ बाहेर काढतात. निवल्यावर तो दगडासारखा होतो आणि कठीणपणात बेसॉल्टच्या बरोबरीने टिकतो. सुरतजवळ हजिऱ्याला 2022 मध्ये सीआरआरआय या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या तंत्राने सहापदरी रस्ता यातूनच झाला, जाडी सुमारे 30 टक्के कमी ठेवून. 2024 च्या जानेवारीत मुंबई–गोवा महामार्गाच्या एका किलोमीटरच्या तुकड्यातही डोलवीचा स्लॅग वापरला गेला.

खोट आहे ती न विरघळलेल्या चुन्याची. पाणी लागलं की तो फुगतो, आकारमान जवळपास दुप्पट होतं. म्हणून माल फोडून, लोखंड चुंबकाने काढून, पाणी मारत काही महिने उघड्यावर मुरवावा लागतो किंवा वाफ द्यावी लागते. मुरला का हे डोळ्यांनी कळत नाही, फुगवट्याची प्रयोगशाळा-चाचणी मागाच. न मुरलेला माल पडलाच तर पहिल्या पावसाळ्यानंतर डांबरावर टेंगळं उठतात आणि गटाराच्या तोंडाशी पांढरा थर साचतो. डांबरी रस्ता थोडं सहन करतो, घराची फरशी किंवा पाया नाही. त्यामुळे आयएस 383 या खडीच्या भारतीय मानकाने सळईच्या काँक्रीटमध्ये स्टील स्लॅगची खडी मुळीच चालवलेली नाही, साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत. (लोखंडाच्या ब्लास्ट फर्नेसचा स्लॅग वेगळा, तो दळून सिमेंटमध्ये जातो. विकणारा नुसतं ‘स्लॅग’ म्हणाला तर कुठला ते विचारा.)

पैशाचा हिशोब वजनावर उलटतो. एक किलोमीटर लांब, सात मीटर रुंद रस्त्याला 25 सेंटीमीटरचा जीएसबी, म्हणजे रस्त्याच्या तळाचा खडीचा थर, धरला तर दाबून 1750 घनमीटर. खडी घनमीटरला 2.2 टन धरली तर 3850 टन, स्लॅग 2.6 धरला तर 4550. सातशे टन जास्त, म्हणजे 25 टनांच्या अठ्ठावीस गाड्या. माल ब्रासने घेतला आणि भाडं टनाने दिलं तर हा फरक बिल आल्यावर दिसतो. हजिऱ्यासारखी 30 टक्के जाडी कमी करता आली तर मात्र स्लॅग 3185 टनांतच भागतो. ती सूट डिझाइनमध्ये सीबीआर, म्हणजे थराची भार पेलण्याची ताकद, दाखवून अभियंत्याकडून लिहून घ्यावी लागते. ठेकेदाराने मनाने जाडी कमी केली तर बिल अडतं.

जाडी कमी करायला अभियंता तयार नसेल आणि साइट डोलवीपासून लांब असेल, तर जवळच्या खाणीची खडीच स्वस्त पडते. साइट जवळ असेल तर स्लॅगच घ्या, फक्त ऑर्डरमध्ये मुरवण्याचा कालावधी आणि लॉटनिहाय चाचणी लिहा, आणि विहीर-ओढ्यालगतचा पट्टा खडीचाच ठेवा, कारण ताज्या स्लॅगमधून झिरपणारं पाणीही चुन्याचंच असतं.