बेडरूमला एक, बाथरूमला दुसरं: फ्लश, लॅमिनेट की सागवान?

ठाणे-नवी मुंबईतल्या दहा-पंधरा वर्षं जुन्या फ्लॅटमध्ये दारं बदलायचा विषय निघतो तो बहुतेक वेळा बाथरूमच्या दारामुळे. खालची चार-सहा इंचांची पट्टी फुगते, सनमायका सुटतो, आतला भुसा हाताला लागायला लागतो. मग ‘सुतार येतोच आहे, तर बेडरूमचीही बदलून घेऊ’ असं ठरतं आणि दुकानदार विचारतो, फ्लश हवं, लॅमिनेट हवं की सॉलिड वुड?

हे तीन पर्याय एका रांगेतले नाहीतच. फ्लश ही दाराची बांधणी आहे: आत लाकडी पट्ट्यांचा किंवा पार्टिकल बोर्डचा गाभा, चारही बाजूंनी लाकडी चौकट आणि दोन्हीकडून चिकटवलेले प्लायचे सपाट थर. लॅमिनेट, म्हणजे आपला सनमायका, हा त्याच फ्लश दारावर चढवलेला साधारण 1 मिलिमीटरचा थर. त्यामुळे ‘लॅमिनेट दार मजबूत असतं का?’ याचं उत्तर लॅमिनेटमध्ये नाही, खालच्या फ्लशमध्ये आहे. खरी निवड दोनच गोष्टींतली: फ्लश की भरीव लाकूड. आणि फ्लश घेतलं, तर त्यावर रंग, खऱ्या लाकडाचा पातळ थर म्हणजे व्हिनियर, की लॅमिनेट.

घणसोलीतल्या एका टू बीएचकेचं उदाहरण घेऊ. दोन बेडरूमची दारं 84 बाय 34 इंच, दोन बाथरूमची 82 बाय 29. चौकटी ठणठणीत, म्हणून त्या ठेवायच्या होत्या. दार जिथे टेकतं ती चौकटीची खाच मोजली, तर 33 मिलिमीटर खोल. इथेच अर्धा निर्णय झाला. 30 मिलिमीटरचं फ्लश आणि दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर लॅमिनेट मिळून 32 होतात, ते खाचेत नीट बसतं. सागवानी पॅनेलचं दार चांगलं हवं असेल तर 35 मिलिमीटरच्या खाली जाऊ नये असं माझं मत. ते इथे चौकटीच्या बाहेर डोकावलं असतं आणि बिजागऱ्यांच्या जागा नव्याने कोराव्या लागल्या असत्या. जुनी चौकट ठेवणार असाल तर दुकानात जायच्या आधी ही खाच मोजा. कॅटलॉग नंतर बघा.

घरच्यांना बेडरूमला सागवान हवाच होता. हौस म्हणून त्यात काही गैर नाही. सागवानात नैसर्गिक तेल असतं, तो इतर लाकडांच्या मानाने कमी हलतो, आणि वीस वर्षांनी रंधा मारून पॉलिश केलं की पुन्हा उभा राहतो. लॅमिनेटला ती सोय नाही, कोपरा उडाला की उडाला. पण लाकूड पावसाळ्यात आडव्या अंगाने फुगतंच. जुलैत दार घासायला लागतं, सुतार दोन मिलिमीटर रंधून देतो आणि डिसेंबरात तिथेच फट दिसते. शिवाय रंधलेली कड उघडी राहिली तर पुढच्या पावसात ती आणखी पाणी पिते. म्हणून भरीव लाकडाचं दार पावसाळ्यात फार रंधू नये. जेवढं अडतं तेवढंच काढावं आणि त्याच दिवशी कडेला पॉलिशचा हात द्यावा. आणखी एक: ‘सागवानी दार’ म्हणून जे स्वस्तात दाखवतात ते पुष्कळदा फ्लशवर सागाचं व्हिनियर असतं. दाराच्या माथ्याची कड बघा. समोरच्या लाकडाच्या रेषा कडेवर पुढे चालू राहत नसतील आणि कागदासारखा पातळ थर दिसत असेल, तर ते व्हिनियर. ते वाईट नसतं, फक्त त्याला भरीव लाकडाचे पैसे द्यायचे नसतात.

(नौपाड्यासारख्या भागात इमारत पाडायला निघाली आणि जुनी सागवानी दारं मिळत असतील, तर जरूर बघा. ते लाकूड वर्षानुवर्षं सुकलेलं असतं. माप मात्र जुळायला हवं, कारण पॅनेलचं दार बाजूंनी फार कापता येत नाही.)

बाथरूमला मात्र सागवान नको, असं मी स्पष्ट सांगतो. तिथे रोज भिजणं आणि सुकणं चालतं, आणि पॅनेलच्या खाचांमध्ये पाणी साचतं. सपाट फ्लशवर लॅमिनेट हेच तिथे सोयीचं. पण फ्लश कुठला, हे महत्त्वाचं. ओलाव्याला टिकणारा गोंद वापरलेलं, म्हणजे बीडब्ल्यूपी ग्रेडचं, आणि लाकडी पट्ट्यांच्या गाभ्याचं दार मागा. पार्टिकल बोर्डचा गाभा एकदा पाणी प्यायला की पुन्हा बसत नाही. दारावर आयएस 2202 आणि आयएसआयचा शिक्का असतो. त्याच्याजवळचा सीएम/एल क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. दुकानदाराकडे कापलेला तुकडा असेल तर घरी आणून चार-पाच तास पाण्यात उकळा. स्वस्त गोंदाचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटतात.

लॅमिनेटवर बचत करायची पद्धत इथे सर्रास आहे. घणसोलीतही सुतार म्हणाला, “वहिनी, आतली बाजू कोण बघतंय? तिकडे नुसता रंग मारू.” हिशोब त्याचा बरोबर होता. शीट 8 बाय 4 फुटांची, म्हणजे 48 इंच रुंद. 29 इंचांचं दार कापलं की 19 इंच उरतात, त्यातून दुसरी बाजू निघत नाही. चार दारांच्या आठ बाजू म्हणजे आठ शीट. तरीही दोन्ही बाजूंना लॅमिनेट लावायलाच हवं. नाहीतर एका बाजूने ओलावा आत शिरतो आणि दुसऱ्या बाजूने शिरत नाही, त्यामुळे दार वाकतं. मग कडी एका जागी लागते आणि खालचा कोपरा बोटभर बाहेर राहतो. आतल्या बाजूला साधं पांढरं लॅमिनेट घेतलं तर खर्च आवरता येतो, आणि उरलेल्या पट्ट्या कपाटाच्या ड्रॉवरला वापरता येतात.

फ्लश दार सडतं ते बहुधा खालच्या कडेतून. दार चौकटीला लावलं की ती कड कोणाला दिसत नाही, म्हणून तिथे लॅमिनेटही नसतं आणि रंगही नसतो. दार बसवायच्या आधी, आडवं असतानाच, खालच्या आणि वरच्या कडेला प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात मारून घ्या. कुलपासाठी आणि बिजागऱ्यांसाठी कोरलेल्या खाचांनाही तेच. दार बसल्यावर खात्री करायची असेल तर मोबाइलचा कॅमेरा खाली सरकवून फोटो काढा, कोरं लाकूड लगेच दिसतं. उंबऱ्यापासून साधारण 10 मिलिमीटर फट ठेवा, म्हणजे वारा खेळतो आणि कड पाण्यात बसत नाही.

शॉवरचं पाणी थेट दारावर उडत असेल, जे इथल्या छोट्या कॉमन बाथरूममध्ये हमखास होतं, तर यातलं काहीच न घेता डब्ल्यूपीसीचं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून बनवलेलं दार घ्यावं. ते पाण्याने फुगत नाही. पण स्क्रूची पकड लाकडाइतकी भरवशाची नसते, म्हणून बिजागऱ्या तीन लावा आणि दारामागे बादलीभर कपडे टांगायचा हुक ठोकू नका.

घणसोलीत शेवटी असं ठरलं: कॉमन बाथरूमला डब्ल्यूपीसी, अटॅच्डला बीडब्ल्यूपी फ्लशवर दोन्ही बाजूंनी लॅमिनेट, आणि दोन्ही बेडरूमना तेच फ्लश, बाहेरून सागाचं व्हिनियर आणि आतूनही व्हिनियरच. सागाची हौस भागली, खाच बदलावी लागली नाही. सुतार बेडरूमपासून सुरुवात करणार होता, पण बाथरूमच्या टाइल्सचं काम उरलं होतं, म्हणून चारही दारं त्यानंतरच बसवली.