एलएसएच की एचएनएसडब्ल्यू: द्राक्षाच्या पानांच्या फोटोंवर एक हंगाम वापरल्यानंतर

एलएसएच आणि एचएनएसडब्ल्यू हे सारखे फोटो शोधून देणारे दोन इंडेक्स आहेत: एलएसएच सारखे व्हेक्टर एका बकेटमध्ये टाकतो, एचएनएसडब्ल्यू जवळच्या व्हेक्टरांना दुव्यांनी जोडून आलेख बनवतो. ऑक्टोबर छाटणीपासून दोन्ही शेजारी शेजारी चालवतोय. निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार पानांचे फोटो पाठवतात, आमचं नाशिकचं छोटं ऑफिस ते साठवतं. एका फोटोचा 512 आकड्यांचा व्हेक्टर होतो आणि असे दहा लाखांच्या घरात आहेत. कामं दोन. एक, तोच फोटो चार ग्रुपांतून फिरून पुन्हा आला का ते ओळखणं. दुसरं, नवीन पानासारखी जुनी पानं काढून देणं, म्हणजे कृषी सल्लागाराला रोग भुरी की डाऊनी ते पटकन ठरवता येतं.

एलएसएचबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं की मेमरी कमी लागते, अचूकता थोडी कमी. हे अर्धंच खरं आहे. मेमरी किती लागेल हे तुम्ही किती लांबचा शेजारी शोधताय त्यावर ठरतं.

आम्ही रँडम प्रतलांची पद्धत वापरतो. व्हेक्टर प्रतलाच्या कुठल्या बाजूला पडला त्याचा एक बिट, अशा 16 बिटांची एक किल्ली, आणि किल्ली जुळेल ते सगळे एका बकेटमध्ये. दोन व्हेक्टरांमधला कोन θ असेल तर एक बिट जुळण्याची शक्यता `1 - θ/π`. सोळाच्या सोळा बिट जुळणं अवघड, म्हणून वेगवेगळ्या प्रतलांची L टेबलं ठेवायची आणि एकात तरी गाठ पडली की झालं:

```
P = 1 - (1 - (1 - θ/π)^16)^L
```

आता आमचे आकडे घालू. दोन फोटो किती सारखे ते कोनाच्या कोसाइनने मोजतो; फिरून आलेल्या फोटोची कोसाइन साधारण 0.95, म्हणजे कोन 18 अंश. एका टेबलात गाठ पडण्याची शक्यता 18 टक्के, आणि 15 टेबलांत ती 95 टक्क्यांवर जाते. प्रत्येक टेबलात फोटोमागे 4 बाइटचा आयडी, म्हणजे फोटोमागे 60 बाइट. मस्त.

पण त्याच रोगाचं दुसऱ्या बागेतलं पान 0.8 च्या आसपास येतं. कोन 37 अंश. एका टेबलात शक्यता फक्त अडीच टक्के, आणि 95 टक्के गाठायला 116 टेबलं लागतात. फोटोमागे 464 बाइट! एचएनएसडब्ल्यूच्या आलेखात दुव्यांची संख्या ठरवणारा `M = 32` ठेवला तर सर्वात खालच्या थरात प्रत्येक नोडला 64 दुवे, म्हणजे 256 बाइट (वरच्या थरांचे किरकोळ). थोडक्यात, ‘मेमरी वाचवणारा’ एलएसएच इथे आलेखाहून जड होतो, वर अचूकताही कमीच. शिवाय आलेखात `efSearch`, म्हणजे शोधताना किती उमेदवार हाताशी ठेवायचे तो आकडा, वाढवला की त्याच इंडेक्सवर जास्त शेजारी सापडतात. एलएसएचला सरळ मार्गाने नवीन टेबलं बांधावी लागतात.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरली जात नाही. मूळ व्हेक्टर फोटोमागे 2048 बाइटचा, आणि तो दोन्हीकडे लागतो, कारण बकेटमधून निघालेल्यांची खरी कोसाइन शेवटी तपासावीच लागते. फरक इतकाच की एलएसएचला उमेदवारांची यादी आधीच मिळते, त्यामुळे व्हेक्टर एसएसडीवर ठेवून एकदम वाचता येतात. आलेखात पुढची उडी मागच्या उत्तरावर अवलंबून, त्यामुळे व्हेक्टर रॅममध्ये नसतील तर शोध रखडतो. आमच्या भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर एलएसएचची खरी कमाई ही आहे.

वर दिलेल्या कोसाइन प्रत्येक व्हेक्टरातून सगळ्या व्हेक्टरांची सरासरी वजा केल्यानंतरच्या आहेत, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. सगळीच हिरवी पानं, त्यामुळे वजाबाकीआधी काहीही संबंध नसलेले दोन फोटोसुद्धा 0.7 च्या जवळ येत होते. व्हेक्टर सगळीकडे समान पसरलेले असतील तर दहा लाखांत एका बकेटमध्ये सरासरी 15 फोटो पडायला हवेत. 0.7 असेल तर एका टेबलातूनच नऊ हजारांवर उमेदवार निघतात. ओळखायची खूण सोपी: सर्वात मोठ्या बकेटमध्ये किती आयडी आहेत ते छापा. उपायही एका ओळीचा:

```python
bits = ((x - mean) @ planes.T) > 0
```

मात्र `mean` एकदा काढून गोठवायची. डाऊनीच्या दिवसांत नवीन सरासरी घेतली की जुन्या किल्ल्या बाद होतात, सगळी टेबलं पुन्हा बांधा.

अचूकता मोजताना शंभरेक फोटो काढून Faiss लायब्ररीच्या `IndexFlatIP` वर सगळे व्हेक्टर तपासून खरे दहा शेजारी मिळवतो आणि दोन्हींची उत्तरं त्याच्याशी ताडतो. ‘दादा, हा कालच आला होता ना?’ या प्रश्नाला एलएसएच पुरतं. करपा आणि डाऊनीचे सुरुवातीचे डाग वेगळे करताना मात्र आलेखाला तोड नाही.

सध्या दुहेरी फोटोंचं काम एलएसएचवर, रोगाच्या शोधाचं `IndexHNSWFlat` वर. एखाद्या बागायतदाराने फोटो काढून टाकायला सांगितला तर एलएसएचमध्ये 15 बकेटांतून आयडी उडवायचा, संपलं. `IndexHNSWFlat` मध्ये `remove_ids` चालत नाही, म्हणून काढलेल्यांची यादी वेगळी ठेवून उत्तरातून गाळतो, आणि ती फुगली की रात्री आलेख नव्याने बांधतो.