बाण दोन दिवसांनी उमटायचा: ‘बुल पॉवर-बेअर पॉवर’च्या नावाखाली माझी झालेली फसवणूक

वडगावात आमचे सहा माग होते. गेल्या वर्षी त्यांतले दोन विकले आणि तो पैसा बँकेत पडून होता. त्याच सुमारास टिळकवाडीतल्या एका हॉलमध्ये तीन रविवारांचा शेअर बाजाराचा क्लास आहे असं ओळखीच्या एकानं सांगितलं. शिकवणारे सर मराठी बोलणारे, आपल्याच भागातले. पहिल्याच दिवशी म्हणाले, “बेळगावच्या मराठी माणसानं किती दिवस दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहायचा?” हॉलमधल्या सगळ्यांना ते लागलं, मलाही लागलं. आपला माणूस आहे या एका गोष्टीवर मी पस्तीस हजार रुपये दिले. पैसे यूपीआयनं तिसऱ्याच कुणाच्या तरी खात्यावर गेले आणि पावती मिळाली नाही, तेव्हाच थांबायला हवं होतं. पुढच्या तीन महिन्यांत बावीस सौद्यांत १ लाख १८ हजार गेले. तो क्लास अजून गावोगाव भरतो, म्हणून हे लिहितोय.

सर जे विकत होते त्याच्या मुळाशी असलेली कल्पना खोटी नाही, हे आधी सांगतो. डॉ. अलेक्झांडर एल्डर यांनी १९८९ मध्ये ती मांडली. बंद भावांची तेरा दिवसांची, अलीकडच्या भावाला जास्त वजन देणारी एक्स्पोनेन्शियल सरासरी, म्हणजे ईएमए, काढायची. ही सरासरी म्हणजे त्या शेअरची रास्त किंमत काय याबद्दल बाजाराचं साधारण एकमत, असं धरायचं. चार्टवरचा एक बार म्हणजे इथं एक दिवस. त्या बारमधला सर्वांत वरचा भाव म्हणजे खरेदीवाल्यांनी किंमत जास्तीत जास्त कुठवर ओढली ती जागा, आणि सर्वांत खालचा भाव म्हणजे विक्रीवाल्यांनी ती कुठवर दाबली ती जागा. वरच्या भावातून ईएमए वजा केला की बुल पॉवर, खालच्या भावातून ईएमए वजा केला की बेअर पॉवर. बेअर पॉवर बहुतेक वेळा शून्याखाली असते. खरेदीचा मूळ नियम सावध आहे: ईएमए चढता हवा, आणि बेअर पॉवर शून्याखाली असून वर सरकत असायला हवी. चढत्या बाजारात विक्रीवाल्यांनी भाव एकमताच्या खाली ढकलला, पण त्यांचा जोर कमी होतोय, अशी ती वेळ. बेअर पॉवर शून्याच्या वर गेली असेल तर भाव फार पळालाय, तेव्हा खरेदी करायची नाही.

सरांनी यातला ईएमए चढता असण्याचा भाग गाळून टाकला होता. ते म्हणायचे, बुल पॉवरचा आकडा मोठा तर बार बुलच्या ताब्यात, बेअरचा मोठा तर बेअरच्या ताब्यात, बाकी काही बघू नका. हे ऐकायला सोपं वाटतं म्हणून खपतं. हिशेब मांडला की त्यातली चूक दिसते. तेरा दिवसांच्या ईएमएत आजच्या बंद भावाचं वजन २ भागिले १४, म्हणजे एक सप्तमांश असतं. समजा कालचा ईएमए ७००, आज वरचा भाव ७१० आणि खालचा ६९०. बाजार ७०७ वर बंद झाला तर ईएमए ७०१ होतो, बुल पॉवर ९ आणि बेअर पॉवर उणे ११. त्याच बारमध्ये विक्रीवाल्यांनी भाव ६९३ वर आणून बंद केला तर ईएमए ६९९ होतो, बुल पॉवर ११ आणि बेअर पॉवर उणे ९. म्हणजे ज्या दिवशी विक्रीवाले जिंकले, त्या दिवशी बुल पॉवर जास्त दिसते! हा आकडा दोन्ही बाजूंनी किती लांब मजल मारली ते सांगतो, शेवटी मैदान कुणाकडे राहिलं ते सांगत नाही. म्हणूनच मूळ नियमात एकट्या बारचा आकडा पुरत नाही, ईएमएची दिशा आणि आधीच्या बारशी तुलना लागते.

पण पैसे घेतले ते या चुकीच्या शिकवणीसाठी नव्हे. पस्तीस हजार होते त्यांच्या ‘इंडिकेटर’साठी. चार्टवर तो लावला की बेअर पॉवरच्या तळाच्या बारखाली हिरवा बाण दिसायचा. सर मागचं वर्ष पडद्यावर सरकवायचे आणि प्रत्येक तळाला नेमका बाण. आत काय सूत्र आहे ते बंद ठेवलेलं, आपल्याला फक्त बाण बघायला मिळणार. मी तीन-चार शेअरचे चार्ट स्वतः उघडून मागे गेलो, तिथंही बाण जागेवर होते. तेवढ्यावर माझी खात्री पटली.

एक सौदा सविस्तर सांगतो. एका बँकेचा शेअर होता. सोमवारी तो ६९३ वर बंद झाला, ईएमए ७०० वरून ६९९ वर आला, दिवसाचा खालचा भाव ६९० म्हणून बेअर पॉवर उणे ९. मंगळवारी खालचा भाव ६८०, बंद ६८५, ईएमए ६९७, बेअर पॉवर उणे १७. बुधवारी खालचा ६८४, बंद ६९०, ईएमए ६९६, बेअर पॉवर उणे १२. या तिन्ही दिवशी बाण नव्हता. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास भाव ७०३ वर गेला. तोवरचा खालचा भाव ६९१, आणि ७०३ धरून ईएमए ६९७, म्हणजे बेअर पॉवर उणे ६. तोवर मंगळवारच्या बारखाली हिरवा बाण उमटला होता. सरांच्या ग्रुपवरही निरोप आला, “बेअर संपले, उचला.” मी ७०३ ला दोनशे शेअर उचलले.

दुपारी भाव ६७२ पर्यंत खाली आला आणि ६७५ वर बंद झाला. ईएमए ६९३, गुरुवारची बेअर पॉवर उणे २१. आता तळ मंगळवारचा राहिलाच नाही. मी चार्ट पुन्हा उघडला तर मंगळवारखालचा बाण गायब. दोनशे शेअरवर ५,६०० रुपये गेले होते आणि ज्याच्या भरवशावर घेतले त्याची खूणसुद्धा उरली नव्हती. विचारलं तर सर म्हणाले, “सिग्नल कॅन्सल झाला, तुम्ही घाई केली.”

अकरा वाजता ईएमए ६९६ वरून ६९७ वर चढलेला दिसत होता, तोही चालू बारचा भास होता. ईएमए बंद भावावर निघतो आणि बार चालू असेपर्यंत प्रत्येक सौद्याचा भाव म्हणजे तात्पुरता बंद भाव. पूर्ण झालेल्या तिन्ही बारमध्ये ईएमए उतरताच होता, म्हणजे मूळ नियमानं त्या आठवड्यात खरेदी बसतच नव्हती.

असे सौदे होत राहिले. शेवटी माझ्या बहिणीचा मुलगा सुट्टीला घरी आला, तो कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. त्यानं पहिला प्रश्न विचारला, “मामा, हा बाण त्याच दिवशी उमटलेला तुम्ही कधी बघितलाय?” मला आठवेना. मग आम्ही एक साधं काम केलं. आठ शेअर घेतले, आणि पंधरा बाजारदिवस रोज सकाळी अकराला आणि दुपारी साडेतीननंतर प्रत्येकाच्या चार्टचा फोटो काढला. पंधराव्या दिवशी त्या पंधरा दिवसांच्या बारखाली मिळून अकरा बाण होते. त्या अकरांपैकी एकही बाण, ज्या बारखाली तो होता त्या दिवशीच्या फोटोत नव्हता. प्रत्येक बाण दोन दिवसांनी पहिल्यांदा दिसत होता. शिवाय सकाळच्या फोटोंत आणखी चार बाण होते, जे शेवटच्या चार्टवर कुठंच नव्हते.

भाच्यानं मग स्वतः सहा ओळी लिहिल्या आणि त्याच चार्टवर लावल्या:

```
//@version=5
indicator("Bear Power", overlay=true)
ema = ta.ema(close, 13)
bear = low - ema
p = ta.pivotlow(bear, 2, 2)
plotshape(not na(p), style=shape.triangleup, location=location.belowbar, offset=-2)
```

अकराच्या अकरा बाण तंतोतंत जुळले. `ta.pivotlow`ची ओळ बेअर पॉवरचा तळ शोधते, पण त्यासाठी डाव्या बाजूचे दोन आणि उजव्या बाजूचे दोन बार लागतात. म्हणजे तळ होता हे दोन बार गेल्यावरच कळतं. सगळी लबाडी शेवटच्या ओळीतल्या `offset=-2` मध्ये आहे. आज कळलेली गोष्ट ती दोन बार मागे नेऊन रंगवते. ती काढून टाकली की बाण दोन बार उजवीकडे सरकतात आणि तळ पकडण्याची जादू संपते. तळ मागाहून दाखवण्यात गैर काही नाही, अभ्यासाला लोक वापरतातही. पण सर नफा मोजायचे तो बाण असलेल्या बारच्या बंद भावापासून. माझ्या उदाहरणात तो ६८५, आणि बाण मला दिसला तेव्हा भाव ७०३. बाण टिकला असता तरी शेअरमागे अठरा रुपये असे होते, जे सरांच्या पडद्यावर मिळत होते आणि कुणाच्याही खात्यात कधी येऊ शकत नव्हते.

आणि फसलेले बाण स्वतःला पुसून टाकतात. चालू बारमध्ये खालचा भाव आणखी खाली जाऊ शकतो, वर येऊ शकत नाही. भाव पडला की बेअर पॉवर जुन्या तळाखाली जाते आणि बाण निघून जातो. म्हणून मागचं वर्ष कितीही सरकवलं तरी त्यात फक्त टिकलेले बाण दिसतात, हे मला तेव्हा कळलं. मी चार्ट मागे जाऊन तपासले होते, पण तो पुरावाच रोज रात्री झाडून साफ केलेला होता.

सरांच्या माहितीपत्रकावर ‘सेबी प्रमाणित’ असं छापलेलं होतं. शेअर घ्या-विका असा सल्ला पैसे घेऊन देणाऱ्याला सेबीकडे नोंदणी लागते. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक INH नं आणि गुंतवणूक सल्लागाराचा INA नं सुरू होतो, आणि तो सेबीच्या साइटवर नावासकट शोधता येतो. सरांकडे क्रमांक मागितला तेव्हा त्यांनी एका परीक्षेचं प्रमाणपत्र पाठवलं. परीक्षा पास होणं वेगळं आणि नोंदणी वेगळी. दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढलं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन केला आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. पैसे जाऊन तीन महिने झाले होते. समोरच्या खात्यात रक्कम अडवायची तर पहिल्या काही तासांतच कळवावं लागतं. सायबर पोलीस ठाण्यात जाताना शेजारच्या कन्नड मास्तरांनी माझा अर्ज कन्नडात लिहून दिला, त्यात ‘बाण दोन दिवस मागे रंगवला जातो’ हे समजावून सांगायला आम्हाला एक अख्खी संध्याकाळ लागली. सोबत दोनशे चाळीस फोटो, यूपीआयच्या नोंदी आणि ग्रुपवरचे निरोप जोडलेत. निपाणी आणि खानापूरकडच्या दोघांनी आत्तापर्यंत तोच इंडिकेटर घेतल्याचं सांगितलं. तुमच्याकडेही तो असेल तर अजून काढून टाकू नका. आज अकराचा एक आणि साडेतीननंतरचा एक असे फोटो काढायला लागा, आणि ग्रुपमधले निरोप तारखेसकट दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण ग्रुपमधून काढण्याआधी सरांनी त्यांचे बरेच निरोप पुसले होते.